रक्ताच्या चुकीच्या अहवालाची तक्रार

गेल्या पावसाळ्यात पेडण्यातील एका शेतकरी बांधवास ताप आला. प्रयोगशाळेने प्लेटलेट ३८,००० दाखविल्या. डेंग्यूच्या धास्तीने इस्पितळात ठेवून त्याला प्लेटलेट चढविल्या. पण अंगावर लाल ठिपका नव्हता, हिरड्यांतून रक्त येत नव्हते. म्हणून आम्हांला शंका आली.

ईडीटीए घातलेल्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींस चिकटतात. यंत्राला त्या गुठळ्या नीट मोजता येत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो.

आम्ही त्याच्याकडून प्रयोगशाळेस अर्ज लिहविला. नमुन्याचा क्रमांक, तारीख व अहवालाची प्रत जोडून दोनच गोष्टी मागितल्या: एकाच वेळी ईडीटीए व सायट्रेट अशा दोन नळ्यांत रक्त घेऊन काचपट्टीसह फेरतपासणी, आणि चूक ठरल्यास लेखी दुरुस्ती. अर्जाची पोचही घेतली.

“आता प्लेटलेट वाढल्या असतील,” असे उत्तर आले. परंतु दोन नळ्यांनीच निवाडा केला. ईडीटीएत पुन्हा ४१,००० व काचपट्टीवर गुठळ्या, सायट्रेटमध्ये १,९०,०००. सायट्रेटच्या द्रवाने रक्त पातळ होते, म्हणून तो आकडा १.१ ने गुणून २,०९,००० धरला.

सही-शिक्क्याचा दुरुस्त अहवाल त्याने जपून ठेवला आहे. हा दोष पुन्हा दिसू शकतो. पुढच्या रक्ततपासणीआधी तो कागद डॉक्टरांना दाखवावाच.