नाव बदललं, खाते क्रमांक नाही

अॅक्सिस बँकेचं चेकबुक घरात असेल, तर त्यावरचा आयएफएससी वाचून बघा. पहिली चार अक्षरं UTIB अशी दिसतील. ही बँक पूर्वी यूटीआय बँक होती. 'यूटीआय' हे नाव तिच्या एकटीचं नव्हतं, म्युच्युअल फंडासह इतर संस्थाही ते वापरत. म्हणून ३० जुलै २००७ पासून ती अॅक्सिस झाली. पाट्या बदलल्या, पण कोडमधली ती चार अक्षरं आजही तशीच आहेत. बदलली असती तर लाखो ग्राहकांच्या पगाराच्या आणि हप्त्यांच्या नोंदी नव्यानं कराव्या लागल्या असत्या.

नाव बदलणाऱ्या कंपनीच्या पत्रात 'बाकी सगळं तेच' हे वाक्य हमखास असतं. ते खरं आहे की नाही, हे वाचणाऱ्याला ताडून बघता आलं तरच त्या पत्राचा उपयोग. आणि ताडून बघायचे असतात ते आकडे.

समजा, भोसरीत प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिच्या नावात अजून 'टूल्स' आहे, पण टूल्स बनवणं तिनं कधीच सोडलं. मालकांना ते नाव बदलायचं आहे. त्यासाठी आधी नवं नाव कंपनी निबंधकाकडून राखून घ्यावं लागतं. मग भागधारकांच्या सभेत विशेष ठराव होतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं पडावी लागतात. त्यानंतर अर्ज जातो आणि निबंधक नव्या नावाचं प्रमाणपत्र देतो. कायद्याच्या दृष्टीनं नाव बदलतं ते या प्रमाणपत्राच्या दिवशी. ठरावाच्या दिवशी नाही आणि नव्या लोगोच्या समारंभाच्या दिवशी तर नाहीच.

गडबड नेमकी इथे होते. समजा, ठराव ५ मे रोजी झाला आणि प्रमाणपत्र १० जूनला आलं. मधल्या काळात उत्साहानं नव्या लेटरहेडवर बिलं गेली. चाकणच्या ग्राहक कारखान्यातल्या अकाउंट्सवाल्यानं बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर तिथे जुनं नाव. त्यानं बिल बाजूला ठेवलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. प्रमाणपत्र आल्यावरसुद्धा जीएसटी नोंदणीतलं नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी पंधरा दिवसांच्या आत वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून पत्रात एकच तारीख ठळक लिहावी: प्रमाणपत्राची. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोर्टलवर नवं नाव दिसू लागल्यावर दोन ओळींचं दुसरं पत्र पाठवावं.

आता 'सगळं तेच' म्हणजे काय ते बघू. कंपनीचं फक्त नाव बदललं तर तिचा पॅन क्रमांक बदलत नाही, फक्त कार्ड नव्या नावानं मिळतं. जीएसटी क्रमांकही तोच राहतो, कारण तो पॅनवरूनच तयार होतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. बँक खात्याला नवं नाव लागतं, पण खाते क्रमांक बदलण्याचं कारण नसतं. चाकणच्या कारखान्यानं दिलेल्या जुन्या पर्चेस ऑर्डर, ठरलेले दर, ४५ दिवसांची उधारी, मालाची हमी, यातलं काहीही नव्यानं लिहावं लागत नाही. करार करणारी कंपनी तीच आहे, फक्त तिला हाक मारायचं नाव बदललं.

पत्रात हे चारही क्रमांक लिहावेत: कंपनीचा नोंदणी क्रमांक, पॅन, जीएसटी आणि खाते. शेजारी 'बदल नाही' असं स्पष्ट म्हणावं. जाहिरात कंपनीनं करून दिलेल्या पत्रात नव्या झेपेबद्दल तीन परिच्छेद असतात आणि हा तक्ता नसतो. बिलं पास करणाऱ्या माणसाला झेपेचं काय करायचं? त्याच्याकडे धनादेश जुन्या नावानं छापून तयार आहे, तो वटेल का, एवढंच त्याला हवं असतं. याचं उत्तर बँकेला आधी विचारून, तारखेसह पत्रात द्यावं. संपर्काचंही तेच. 'आमची टीम तीच आहे' म्हणण्यापेक्षा डिस्पॅच कोण बघतं आणि हिशेब कोण बघतं, ती नावं आणि त्यांचे जुनेच फोन नंबर द्यावेत.

जुनं नाव लगेच पुसून टाकण्याची घाई मात्र करू नये. कायद्यानंच ती मुभा ठेवलेली नाही. नाव बदलल्यावर दोन वर्षं पाटीवर, लेटरहेडवर आणि बिलांवर नव्या नावासोबत जुनंही लिहावं लागतं. लोकांच्या तोंडून तर ते त्याहून कितीतरी हळू जातं. टेल्कोची टाटा मोटर्स २००३ मध्ये झाली, तरी पिंपरी-चिंचवडमध्ये 'टेल्कोत होतो' असं सांगणारे आजही भेटतात.

काही पत्रांतलं 'फक्त नाव बदललं' हे मात्र खरं नसतं. ते ओळखायला पॅनचं चौथं अक्षर बघावं. कंपनीच्या पॅनमध्ये तिथे C असतो, भागीदारी फर्मच्या पॅनमध्ये F, व्यक्तीच्या पॅनमध्ये P. कालपर्यंत F असलेल्या पुरवठादाराच्या नव्या बिलावर C आला, तर कायद्यानं आता समोर वेगळी संस्था उभी आहे. पॅन बदलला म्हणजे जीएसटी क्रमांकही बदलला. अशा वेळी जुने करार आणि जुनी येणी-देणी नव्या कंपनीकडे कशी आली, ते कागद दाखवून सांगावं लागतं. गोड शब्दांच्या पत्रानं ते भागत नाही. याउलट, कधी कंपनीचं नाव बदलतं आणि ग्राहकाला त्याची गरजच नसते. २०२५ मध्ये झोमॅटो लिमिटेडची इटर्नल लिमिटेड झाली, पण मोबाइलवरच्या अॅपचं नाव झोमॅटोच राहिलं.

आणि शेवटी, ही पत्रं भामट्यांनाही फार सोयीची असतात. नाव बदलल्याची बातमी फुटली की हुबेहूब लोगो लावलेला ईमेल येतो: नव्या नावाबरोबर आमचं खातंही नवं आहे, यापुढे पैसे इथे भरा. ईमेल पत्ता अनोळखी असला तरी शंका येत नाही, कारण कंपनीचंच नाव बदललेलं असतं. म्हणून कंपनीनं पहिली सूचना जुन्याच ईमेलवरून पाठवावी आणि नवा ईमेल पत्ता तीतच कळवावा. घेणाऱ्यानंही एक काम करावं. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडताळून बघण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०२५ पासून बँकांनी दिली आहे. ती वापरावी. नाव जुळलं तरी खाते क्रमांक बदलल्याचं पत्रात असेल, तर एक रुपयाही पाठवण्याआधी आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करा, पत्रात छापलेल्या नंबरवर नको. आणि पैसे गेलेच असतील, तर त्याच तासात १९३० वर कळवा.