मुलाचा नैसर्गिक पालक कोण? (लेखांक 7)

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला कायदा ‘अज्ञान’ म्हणतो. अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून तिच्या वतीने सही करणारा कोणीतरी लागतो. न्यायालयाने न नेमता, केवळ नात्यामुळे ज्याला हा अधिकार मिळतो तो नैसर्गिक पालक. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी त्याचे उत्तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये आहे: मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांचा नैसर्गिक पालक पिता, आणि त्याच्यानंतर माता. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे, म्हणजे आधी आई. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे असेही हेच कलम सांगते, पण तो ताब्याचा प्रश्न झाला. मूल कोणाजवळ राहते आणि त्याच्यासाठी सही कोण करतो हे दोन वेगळे अधिकार आहेत. बँकेत किंवा कचेरीत होणारा बराचसा घोळ या दोहोंची गल्लत केल्याने होतो.

सगळा वाद ‘नंतर’ या एका शब्दाभोवती फिरला. वडील हयात असेपर्यंत आईला अधिकार नाही, असा त्याचा अर्थ अनेक वर्षे लावला गेला. त्याला पहिला धक्का महाराष्ट्रातल्याच शेतजमिनीच्या एका खटल्याने बसला. जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्यात वडील जिवंत होते, पण वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. मुलीचा सांभाळ आणि तिच्या जमिनीचा कारभार आई बघत होती. अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक मानली जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये ठरवले.

पण नवरा-बायको एकत्र सुखाने नांदत असतील तर? हा प्रश्न लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात उभा राहिला. 1984 मध्ये त्यांनी अज्ञान मुलाच्या नावे 20,000 रुपयांचे रिलीफ बाँड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही आईची होती आणि या गुंतवणुकीपुरती आईच पालक राहील हे वडिलांनाही मान्य होते. तरीही अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, नाहीतर आईच्या नावे पालकत्वाचा दाखला आणा, असे बँकेचे म्हणणे होते. 17 फेब्रुवारी 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ‘नंतर’ म्हणजे ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ नव्हे, तर ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’. वडील दूर असतील, आजारपणामुळे असमर्थ असतील, मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील किंवा आईने पालक व्हावे असे दोघांनी मिळून ठरवले असेल, तर त्या कामापुरती अनुपस्थिती मानली जाते.

निकाल मोलाचा आहे, पण त्याने कलम रद्द झाले नाही, फक्त त्याचा अर्थ बदलला. अनुपस्थिती दाखवण्याचा भार आईवरच राहिला. वडिलांना असे काहीच दाखवावे लागत नाही. याला समान हक्क म्हणता येत नाही. दोघांनाही एकाच वेळी नैसर्गिक पालक मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने मे 2015 च्या 257 व्या अहवालात केली आहे.

व्यवहारात हे कसे चालते ते एका कल्पित कुटुंबावरून पाहू. वडील नोकरीसाठी दोहाला, आई आणि अकरा वर्षांची मुलगी नाशिकला. शाळाप्रवेशाला अडचण यायला नको, कारण शिक्षण हक्क कायद्याने ‘पालक’ या शब्दाची व्याख्याच ‘आई किंवा वडील’ अशी केली आहे आणि तिथे ‘नंतर’ नाही. वडिलांच्या सहीचा आग्रह धरला गेला, तर असा आग्रह कोणत्या नियमाने धरला जातो हे आईने लेखी विचारावे. बँकेतही आई पालक म्हणून मुलीचे बचत खाते उघडू शकते. रिझर्व्ह बँकेने ही मुभा 1970 च्या दशकातच दिली होती. अट एवढीच, की खात्यातून शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम काढू द्यायची नाही.

पासपोर्टसाठी आईवडील दोघांच्या संमतीचे प्रतिज्ञापन लागते. त्याचा नमुना ‘अ‍ॅनेक्शर डी’. वडील परदेशात असतील तर ते आपली संमती तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवू शकतात. संमती मिळतच नसेल, तर अर्ज करणाऱ्या एकट्या पालकासाठी ‘अ‍ॅनेक्शर सी’ आहे. त्यात दुसऱ्याची संमती का नाही, हे कारण लिहायचे असते, आणि ताब्याबद्दल खटला चालू असेल तर तो लपवायचा नसतो. खटला चालू आहे एवढ्यावरून पासपोर्ट नाकारता येत नाही. घटस्फोटाचा दावा चालू असताना वडिलांनी हरकत घेतली म्हणून अडवलेला एका सतरा वर्षांच्या मुलीचा पासपोर्ट द्यावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. न्यायालयाने स्वतः मनाई केली असेल, तर मात्र त्याच न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

खरी काळजी लागते ती स्थावर मालमत्तेत. या मुलीला आजोबांनी बक्षीसपत्राने एक सदनिका दिली, तर ती तिच्या वतीने स्वीकारण्यास आईची सही चालते. न्यायालयात जावे लागत नाही. विकताना मात्र कलम 8 आड येते. विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा यांपैकी काहीही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. हे बंधन वडिलांनाही तितकेच लागू आहे. मालमत्ता ज्या हद्दीत आहे तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा आणि विक्रीची गरज, किंवा त्यात मुलीचा उघड फायदा, दाखवायचा. विक्रीची रक्कम न्यायालयात भरावी किंवा मुलीच्या नावे गुंतवावी, अशी अट बहुधा घातली जाते.

परवानगी न घेता विकले, तर तो व्यवहार मुलीला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत, मोडता येतो. त्यासाठी दावाच लावला पाहिजे असे नाही. तीच मालमत्ता तिने मुदतीत दुसऱ्याला विकली, तर त्या कृतीनेही आधीचा व्यवहार नाकारला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केले. आणखी एक धोका फक्त आईच्या वाट्याला येतो. वडील प्रत्यक्ष कारभार बघत असतील आणि आईने एकटीने विक्री केली, तर ती त्या वेळी नैसर्गिक पालकच नव्हती असे म्हणता येते, आणि मग तो व्यवहार मुळातच निरर्थक ठरू शकतो. घेणाऱ्याचा वकील वडिलांची संमती मागतो तो याच कारणाने. दोहाच्या वडिलांनी या व्यवहारापुरती आई पालक असल्याचे लेखी दिले, तर ही फट बुजते.

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील अविभक्त हिस्सा या कलमांच्या बाहेर आहे. तो कुटुंबाचा कर्ता पाहतो. मुस्लिम कायद्यात मालमत्तेचे नैसर्गिक पालकत्व वडिलांकडे असते, आईला ते हवे असल्यास 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून नेमणूक घ्यावी लागते. अविवाहित आईने याच कायद्याखाली अर्ज केला, तर मुलाच्या वडिलांना नोटीस देण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये ठरवले आहे.

शेतजमीन अज्ञान मुलाच्या नावावर असेल, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून पालकाचे नाव येते. तिथे आईचे नाव लागू शकते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा, म्हणजे ही नोंद कमी होते.