रीच घसरला, गल्ला तेवढाच

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात एजन्सीकडून क्लायंटला एक मेल जातो. मागच्या महिन्यात काय केलं, किती खर्च झाला, हाती काय आलं, याचा हिशोब त्यात असतो. सगळे बाण हिरवे असले तर तो मेल कुणी फारसा वाचत नाही. पण एखाद्या महिन्यात 'रीच'समोर लाल बाण येतो, खाली ऑर्डर्स मात्र होत्या तेवढ्याच असतात, आणि मग फोन वाजतो. "अहो, निम्मी माणसं गेली कुठं?"

असा मेल लिहायला अवघड. विक्री टिकलेली असते, त्यामुळे घसरणीवरून हात फिरवून पुढे जाण्याचा मोह होतो. 'अल्गोरिदम बदलला' असं एक वाक्य टाकलं की काम भागतं. कधी बदलला, त्याचा परिणाम कुठे दिसला, हे न सांगता लिहिलेलं ते वाक्य क्लायंटने सरळ परत पाठवावं, असं माझं मत आहे. खरं कारण बहुतेक वेळा साध्या भागाकारातून निघतं.

एक नमुना घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण या धंद्यात रोज दिसतात तसेच. कोल्हापुरात एक ताई कांदा-लसूण मसाला करतात आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात. पुण्यातली एक छोटी एजन्सी त्यांच्यासाठी इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर जाहिराती चालवते, महिन्याला ६० हजार रुपयांच्या. सप्टेंबरमध्ये रीच ३ लाख होता, ऑक्टोबरमध्ये १ लाख ८५ हजार, म्हणजे ३८ टक्के घट. ऑर्डर्स मात्र ४१२ वरून ४०५ वर आल्या, म्हणजे जवळपास जागच्या जागी.

रीच म्हणजे जाहिरात ज्यांच्या नजरेसमोरून गेली अशी वेगवेगळी माणसं. एकाच माणसाला ती तीनदा दिसली तरी रीच एकच धरतात. दिसण्याचे ते तीन प्रसंग 'इंप्रेशन्स'मध्ये जातात. म्हणूनच चार आठवड्यांच्या रीचची बेरीज महिन्याच्या रीचशी कधी जुळत नाही. दोन आठवड्यांत दिसलेला माणूस बेरजेत दोनदा येतो, महिन्याच्या हिशोबात एकदाच. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आठवड्याचे आकडे मिळवून पाहिले असतील, तर घसरण कमी-जास्त दिसून गोंधळ आणखी वाढला असेल.

आता भागाकार. मेटा जाहिरातीचे पैसे साधारणपणे हजार इंप्रेशन्समागे मोजले जातात. त्या दराला सीपीएम म्हणतात. सप्टेंबरमध्ये तो ८० रुपये होता, म्हणून ६० हजारांत साडेसात लाख इंप्रेशन्स मिळाली. प्रत्येकाला जाहिरात सरासरी अडीच वेळा दिसली, म्हणून माणसं ३ लाख. ऑक्टोबरमध्ये दर १२० रुपयांवर गेला. तेवढ्याच पैशांत इंप्रेशन्स आली ५ लाख आणि प्रत्येकाला जाहिरात सरासरी २.७ वेळा दिसली. पाच लाखांना २.७ ने भागलं की १ लाख ८५ हजार येतात. जाहिरात पूर्वीसारखी अडीच वेळाच दिसली असती तरी माणसं २ लाखच झाली असती. म्हणजे कमी झालेल्या १ लाख १५ हजारांपैकी १ लाख दरवाढीने गेले आणि उरलेले १५ हजार त्याच त्या लोकांना जाहिरात पुन्हा पुन्हा दिसल्याने. हे एवढं लिहिलं तरी अर्धा मेल झाला.

दर का वाढला? जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते, लासलगावच्या कांद्यासारखी. फरक एवढाच की इथे नुसती मोठी बोली जिंकत नाही. समोरचा माणूस त्या जाहिरातीवर काही करेल याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही धरलं जातं. दिवाळीच्या तोंडावर मोबाइलवाले, कपडेवाले, सराफ, मोठी ऑनलाइन दुकानं, सगळे एकाच वेळी त्याच माणसांवर बोली लावतात. मसाल्याची जाहिरात तीच राहते, शेजारी बोली लावणारे वाढतात.

पण 'दिवाळीमुळे महागलं' हे बोलायला सोपं आहे, म्हणून तपासायलाच हवं. महाग झालेली जाहिरात बाजारामुळे महागली की ती शिळी झाली म्हणून, हे क्लिकच्या प्रमाणावरून कळतं. शंभर वेळा दिसल्यावर किती क्लिक येतात ते प्रमाण जागेवर असेल आणि दर तेवढा चढला असेल, तर लोकांची आवड बदललेली नाही, जागा महागली आहे. क्लिकचं प्रमाणही घसरत असेल आणि तीच जाहिरात तेच लोक चार-पाचदा पाहत असतील, तर दिवाळीला दोष देऊ नये. नवा व्हिडिओ करावा. दुसरी खूण आठवड्यांच्या आकड्यांत दिसते. सणाची दरवाढ साधारण एका आठवड्यापासून सगळ्याच जाहिरातींवर दिसते. शिळेपणा एकेका जाहिरातीला हळूहळू धरतो.

तिसरी शक्यताही मेल लिहिणाऱ्याने आधी बाद करावी. महिन्याच्या मध्यात मोहिमेचं उद्दिष्ट 'जास्तीत जास्त लोकांना दाखवा' वरून 'विक्री' असं बदललेलं असेल, तर रीच मुद्दामच कमी झालेला असतो. यंत्रणा मग खरेदी करण्याची शक्यता असलेल्यांनाच शोधते आणि ती माणसं थोडी व महाग असतात. तसं केलं असेल तर ते निर्णय म्हणून सांगावं, त्याला घट म्हणू नये. ताईंच्या मोहिमेत उद्दिष्ट दोन्ही महिने विक्रीचंच होतं, त्यामुळे हा धागा इथे तुटतो.

एव्हाना रीचचा उलगडा झाला. आता प्रश्न उरतो विक्रीचा, आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी, आकडा कुणाचा? जाहिरातीच्या पॅनेलवर दिसणारी खरेदी हा मेटाचा दावा असतो. नेहमीच्या सेटिंगनुसार जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत किंवा ती नुसती पाहून एका दिवसात जो विकत घेतो, तो मेटा आपल्या खात्यात मांडते. तोच माणूस गूगलवर शोधून आला असेल तर गूगलही त्याच्यावर हक्क सांगते. दोघांचे दावे मिळवले तर दुकानाच्या बिलांपेक्षा जास्त भरू शकतात. म्हणून ४१२ आणि ४०५ हे आकडे ताईंच्या वेबसाइटच्या बिलांमधून घेतलेले हवेत. त्यातही कॅश ऑन डिलिव्हरीची काही पार्सलं परत येतात आणि ऑक्टोबरअखेरची पार्सलं मेल लिहिताना अजून वाटेवरच असतात. तेव्हा ४०५ हा सध्याचा आकडा आहे, पक्का नव्हे.

मग त्याच बिलांची दोन ढिगांत वाटणी करायची: पहिल्यांदा घेणारे आणि पुन्हा घेणारे. मोबाइल नंबर जुळवले की हे तासाभरात होतं. सप्टेंबरच्या ४१२ मध्ये नवे २६८ होते, जुने १४४. ऑक्टोबरच्या ४०५ मध्ये नवे १८७ आणि जुने २१८.

चित्र पालटलं. विक्री टिकली ती जाहिरातीमुळे नव्हे. ताईंनी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवा मसाला कुटलाय' असा निरोप पाठवला होता आणि त्यांनी पुन्हा मागवला. निरोप गेल्यावर दोन-तीन दिवसांत जुन्यांच्या ऑर्डर्स उसळल्या असतील तर हा अंदाज धरून चालता येतो. महिनाभर सारख्याच येत राहिल्या असतील, तर कारण दुसरं शोधावं. नवी माणसं मात्र ३० टक्क्यांनी कमी झाली. एक नवं गिऱ्हाईक आणायला सप्टेंबरमध्ये २२४ रुपये पडत होते, ऑक्टोबरमध्ये ३२१ पडले. रीच ३८ टक्के घटला आणि नवी गिऱ्हाइकं ३० टक्के, म्हणजे गळालेल्यांत नुसते बघून पुढे जाणारे थोडे जास्त होते, एवढाच काय तो दिलासा.

'रीच घटला तरी विक्री टिकली' या वाक्यातून क्लायंट साहजिकच असा अर्थ काढतो की रीचची गरजच नव्हती. मग पुढच्या महिन्यात जाहिरातीचा खर्च निम्मा होतो. अर्धा किलोचं पाकीट घरात महिना-दीड महिना पुरतं. ताईंच्या जुन्या बिलांवरून समजा नव्या तिघांपैकी एक पुन्हा मागवतो. ऑक्टोबरमध्ये ८१ नवे कमी आले, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांतल्या सत्तावीस-एक जणांची दुसरी ऑर्डर येणार नाही. रीचच्या घसरणीचं बिल असं उशिरा येतं, आणि तोवर मूळ मेल कुणाच्या लक्षात नसतो.

आणखी एक. मसाल्याऐवजी चकलीची भाजणी असती, तर सप्टेंबरशी तुलना हीच फसवणूक ठरली असती. दिवाळीत भाजणीची विक्री 'टिकणं' म्हणजे बुडणंच. तिथे मागच्या वर्षीच्या दिवाळीचा महिना समोर ठेवावा लागतो. सण दर वर्षी सरकतो, म्हणून इंग्रजी महिनाही आंधळेपणाने जुळवू नये.

हे सगळं झाल्यावर मेल असा लिहिता येतो:

"ताई, नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आपली जाहिरात १ लाख ८५ हजार लोकांपर्यंत गेली. सप्टेंबरमध्ये ३ लाख होती. खर्च तेवढाच. दिवाळीमुळे हजारामागचा दर ८० वरून १२० वर गेला, हे मुख्य कारण. क्लिकचं प्रमाण बदललेलं नाही, म्हणजे जाहिरात लोकांना अजून आवडते आहे. ऑर्डर्स ४०५, सप्टेंबरइतक्याच, पण त्यांत नवे १८७ आहेत, आधी २६८ होते. यावेळी विक्री सांभाळली ती जुन्या गिऱ्हाइकांनी आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाने. त्याचं श्रेय आमच्या जाहिरातीला नाही. खर्च कमी करू नये असं आम्हाला वाटतं. दिवाळीनंतर दर उतरले की नव्या माणसांवरच जोर देऊ. वाटेवरची पार्सलं धरून पक्का आकडा १५ तारखेला कळवतो."

या मेलमध्ये मी एक ओळ आणखी घालेन: "नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात दर ९० च्या खाली आला आणि तरीही नवी गिऱ्हाइकं वाढली नाहीत, तर आमचं दिवाळीचं कारण चुकीचं होतं असं समजा. मग जाहिरातच बदलू." एजन्सीचे लोक असं लिहायला कचरतात, कारण पुढच्या मेलमध्ये त्याचं उत्तर द्यावं लागतं. पण ताईंना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमके कोणते दोन आकडे बघायचे, हे त्या ओळीमुळे आधीच ठाऊक असतं: हजारामागचा दर आणि नव्या गिऱ्हाइकांची संख्या.