हॉटेल आरक्षणातील संज्ञा

हॉटेलची खोली आरक्षित करताना दराशेजारी छापलेल्या 'नॉन-रिफंडेबल', 'हाफ बोर्ड', 'लेट चेकआउट' यांसारख्या शब्दांना हॉटेल आरक्षणातील संज्ञा म्हणतात. हे शब्द वर्णनपर वाटत असले तरी प्रत्यक्षात ते हॉटेल आणि ग्राहक यांच्यातील कराराच्या अटी असतात. पैसे कधी परत मिळतील, दरात कोणते जेवण धरले आहे आणि खोली किती वाजेपर्यंत ताब्यात राहील, हे त्यांवरून ठरते. या शब्दांची व्याख्या करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्यांचा अर्थ व्यवसायातील रूढी आणि आरक्षणाच्या पुष्टिपत्रातील मजकूर यांवरून लावला जातो, आणि त्यावर भारतीय करार अधिनियम, 1872 व ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 यांची मर्यादा असते.

नॉन-रिफंडेबल दर

'नॉन-रिफंडेबल' म्हणजे परतावा न मिळणारा दर. ग्राहक संपूर्ण रक्कम आगाऊ भरतो आणि पुढे बेत बदलला तरी ती परत मागणार नाही असे मान्य करतो. त्या बदल्यात त्याला सवलत मिळते. हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. शुक्रवारची रात्र रिकामी गेली तर ती शनिवारी विकता येत नाही, म्हणून ग्राहक नक्की येणार याची हमी हॉटेल सवलत देऊन विकत घेते.

पुण्यातील एका कुटुंबाने महाबळेश्वरला शुक्रवार व शनिवार अशा दोन रात्रींसाठी हाफ बोर्ड दराने खोली घ्यायचे ठरवले, असे उदाहरण घेऊ. रद्द करता येणारा दर रात्रीला 5,000 रुपये आणि नॉन-रिफंडेबल दर 4,250 रुपये आहे (कर वेगळा). दोन रात्रींचे अनुक्रमे 10,000 आणि 8,500 रुपये होतात. कुटुंब 1,500 रुपये वाचवते, पण त्यासाठी 8,500 रुपये पणाला लावते. हिशेब केला तर बेत रद्द होण्याची शक्यता 15 टक्क्यांहून कमी असेल तरच हा दर फायद्याचा ठरतो. घरात लहान मूल किंवा आजारी वृद्ध असल्यास, अथवा रजा अजून मंजूर झालेली नसल्यास, ही शक्यता सहज त्याहून अधिक असते. व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडायचा म्हणून परदेशातील नॉन-रिफंडेबल खोली घेणाऱ्यांचे असेच होते. व्हिसा नाकारला गेला तरी हॉटेल पैसे परत देण्यास बांधील नसते.

येथे एक भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. ही अट ग्राहकाने स्वतः करार मोडल्यास काय होईल एवढेच सांगते. करार हॉटेलने मोडला तर ती लागू होत नाही. वरील कुटुंब महाबळेश्वरला पोहोचल्यावर 'खोली शिल्लक नाही' असे उत्तर मिळाले, तर पुष्टिपत्रावर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेले असूनही 8,500 रुपये परत मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. इतकेच नव्हे, ऐनवेळी तशाच दर्जाची खोली दुसरीकडे 11,000 रुपयांना घ्यावी लागली, तर वरचे 2,500 रुपये करार अधिनियमाच्या कलम 73 नुसार नुकसानभरपाई म्हणून मागता येतात. हॉटेले काही आरक्षणे गळतील असे धरून असलेल्या खोल्यांपेक्षा अधिक आरक्षणे घेतात, त्यामुळे असे प्रसंग गर्दीच्या दिवसांत घडतात. चांगली हॉटेले अशा वेळी स्वखर्चाने शेजारी समकक्ष सोय करून देतात. पर्यायी खोली हलक्या दर्जाची असेल तर ती स्वीकारण्याचे बंधन ग्राहकावर नाही.

तिसरी शक्यता म्हणजे दोष कोणाचाच नसणे. 2020 मधील टाळेबंदीत हॉटेले बंदच होती. करार पार पाडणे अशा रीतीने अशक्य झाले तर कलम 56 नुसार तो रद्दबातल होतो आणि मिळालेला लाभ कलम 65 नुसार परत करावा लागतो. मात्र ग्राहकाची गाडी चुकली किंवा मूल तापाने फणफणले, तर करार पार पाडणे अशक्य झाले असे कायदा मानत नाही, कारण हॉटेलची खोली त्या रात्री तयारच असते. अशा वेळी हॉटेलने तारीख बदलून दिली तर ते सौजन्य होय, हक्क नव्हे. तरीही विनंती अवश्य करावी, कारण पैसे परत देण्यापेक्षा तारीख पुढे ढकलणे हॉटेलला सोपे जाते.

जप्तीची मर्यादा

ग्राहकाने करार मोडला म्हणजे हॉटेलला वाटेल तेवढी रक्कम ठेवता येते, असेही नाही. कलम 74 नुसार करारभंगासाठी करारात रक्कम नमूद असली तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती त्या रकमेपेक्षा अधिक असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात नुकसान झालेले असणे ही भरपाईची पूर्वअट मानली. तो खटला भूखंडाच्या लिलावातील बयाणा रकमेचा होता, परंतु तत्त्व सर्वसाधारण आहे.

उदाहरणातील कुटुंबाने पंधरा दिवस आधी आरक्षण रद्द केले आणि सलग सुट्ट्यांमुळे हॉटेलने तीच खोली पूर्ण दराने दुसऱ्याला दिली, तर हॉटेलचे नुकसान नगण्य ठरते आणि संपूर्ण 8,500 रुपये ठेवून घेणे अवाजवी असल्याचा युक्तिवाद करता येतो. हा युक्तिवाद आपोआप यशस्वी होत नाही. सवलत याच अटीच्या मोबदल्यात दिली होती, असे हॉटेल म्हणू शकते, आणि खोली पुन्हा विकली गेल्याचे सिद्ध करणेही ग्राहकाला अवघड जाते. रद्द करताना लेखी कळवले असेल आणि त्या तारखांना संकेतस्थळावर हॉटेल पूर्ण भरलेले दिसत असल्याचे चित्र जपून ठेवले असेल, तर बाजू बरीच भक्कम होते.

आरक्षण ऑनलाइन मंचावरून झाले असल्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 लागू होतात. एकतर्फी रद्द केल्यास मंच स्वतः तसेच शुल्क सोसणार नसेल, तर ग्राहकावर रद्दीकरण शुल्क लादता येत नाही, असे हा नियम सांगतो. आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे घेतलेली संमतीही या नियमांना मान्य नाही.

हाफ बोर्ड

इंग्रजीतील 'बोर्ड' म्हणजे फळी, आणि तिच्यावरून जेवणाचे मेज. ज्या दरात खोलीसह न्याहारी आणि एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचे, समाविष्ट असते त्याला हाफ बोर्ड म्हणतात. भारतातील प्रवासी संस्था याच दराला 'मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन' किंवा नुसते 'एमएपी' म्हणतात. तिन्ही जेवणे असली की 'अमेरिकन प्लॅन', केवळ न्याहारी असली की 'काँटिनेंटल प्लॅन' आणि काहीच नसले की 'युरोपियन प्लॅन'. या नावांचा त्या त्या खंडातील आजच्या खाद्यपद्धतीशी संबंध शोधू नये.

हाफ बोर्डची मोजणी दिवसांवर होत नाही, रात्रींवर होते. ती पहिल्या संध्याकाळच्या जेवणाने सुरू होते आणि निघण्याच्या सकाळच्या न्याहारीने संपते. दोन रात्रींच्या मुक्कामात दोन जेवणे आणि दोन न्याहाऱ्या मिळतात. शुक्रवारी दुपारी एकला पोहोचून केलेले जेवण त्यात येत नाही आणि त्याचे बिल वेगळे लागते. बाटलीबंद पाणी, शीतपेये आणि मद्यही बहुधा दराबाहेर असतात. लहान मुलांचा जेवणाचा दर अनेकदा वयानुसार वेगळा असतो, म्हणून आरक्षणात मुलाचे वय लिहिले आहे की नाही ते पाहावे.

न घेतलेल्या जेवणाचे पैसे सामान्यतः परत मिळत नाहीत. पसरणी घाटातील कोंडीत अडकून कुटुंब रात्री अकराला पोहोचले आणि भटारखाना दहाला बंद झाला, तर त्या रात्रीचे जेवण गेले. वाटेतून दूरध्वनी करून ताटे झाकून ठेवण्याची किंवा दुसऱ्या दिवशीचे दुपारचे जेवण बदली देण्याची विनंती केल्यास बहुतेक हॉटेले ऐकतात. उलट, जेवणाच्या जाहीर वेळेत पोहोचूनही भटारखाना बंद असेल, किंवा ठरलेल्या जेवणाऐवजी केवळ अल्पोपाहार दिला गेला, तर ती सेवेतील त्रुटी होय आणि जेवणाच्या किमतीएवढी रक्कम मागता येते.

उशिरा पोहोचण्याचा आणखी एक धोका आहे. पाहुणा पहिल्या रात्री आलाच नाही तर काही हॉटेले त्याला 'नो-शो' धरून उरलेल्या रात्रीही सोडून देतात. पैसे पूर्ण भरलेले असले तरी अटींत तसे लिहिलेले असू शकते. त्यामुळे उशीर होणार असल्याचा एक लेखी संदेश पाठवणे हिताचे असते.

लेट चेकआउट

'एक रात्र' म्हणजे चोवीस तास नव्हेत. खोली दुपारी दोनला मिळून दुसऱ्या दिवशी अकरा किंवा बाराला सोडायची असेल, तर प्रत्यक्ष ताबा एकवीस-बावीस तासांचाच असतो. मधला वेळ खोली साफ करून पुढच्या पाहुण्यासाठी तयार करण्याचा असतो. काही लॉजमध्ये मात्र खोली घेतल्याच्या वेळेपासून चोवीस तास मोजण्याची पद्धत आहे, आणि रात्रीच्या बसने पहाटे सहाला उतरणाऱ्या प्रवाशाला ती सोयीची पडते.

ठरलेल्या वेळेनंतर खोली ताब्यात ठेवण्याच्या सवलतीस लेट चेकआउट म्हणतात. तिच्यासोबत 'उपलब्धतेनुसार' हा शब्द असेल तर ग्राहकाला विनंती करण्यापलीकडे काहीही मिळालेले नसते. पुढचा पाहुणा ठरलेला असल्यास हॉटेल नकार देऊ शकते, आणि त्याविरुद्ध तक्रार टिकत नाही. परंतु पुष्टिपत्रात 'चेकआउट दुपारी 4' असे लिहून दिले असेल किंवा त्यासाठी शुल्क घेतले असेल, तर ती कराराची अट होते. उदाहरणातील कुटुंबाने रविवारी चारपर्यंत थांबण्यासाठी 1,000 रुपये भरले आणि बारालाच खोली रिकामी करायला लावली, तर ते शुल्क परत मिळालेच पाहिजे. या वाढीव तासांत दुपारचे जेवण धरलेले नसते.

काही न सांगता थांबल्यास हॉटेल अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे भाडे आकारू शकते. मात्र तो दर आधी कळवलेला असावा. सामान ठेवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी विनामूल्य असते, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ काढण्यास अनेकदा तेवढी पुरते.

तक्रार कोठे करावी

प्रथम हॉटेलला आणि आरक्षण करणाऱ्या मंचाला लेखी कळवावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. 2019 च्या अधिनियमाने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे महाबळेश्वरच्या हॉटेलविरुद्ध पुण्यात तक्रार करता येते. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र अटच अन्याय्य आहे, म्हणजे तिने लादलेला दंड नुकसानीच्या मानाने फारच मोठा आहे, असे म्हणायचे असल्यास तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. काही हजारांच्या रकमेसाठी हा मार्ग लांबचा आहे, आणि नॉन-रिफंडेबल अटींना क्वचितच आव्हान मिळते त्याचे एक कारण हेच असावे.