मत मांडा, पान क्रमांकासह

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. भारतातील जातींची रचना, त्यांचा उगम आणि वाढ हा त्याचा विषय. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. ब्रिटनला किंवा अमेरिकेला एम.ए., एम.एस्सी. करायला निघालेल्या मराठी मुलामुलींनी जाण्यापूर्वी एकच गोष्ट वाचायची ठरवली, तर मी त्यांना हा निबंध वाचायला सांगेन. विषयासाठी तो वाचावाच. पण तिथल्या वर्गात काय अपेक्षित असतं, हे त्याच्या बांधणीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही माहितीपुस्तिकेत दिसत नाही.

बाबासाहेब सुरुवातीला चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात: फ्रान्सचे सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफील्ड आणि रिझली, आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचं जातिसंस्थेवरचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली आलं होतं. मग ते एकेकाला तपासतात. सेनार विटाळाला महत्त्व देतात. पण विटाळाची कल्पना जिथे जिथे पुरोहितवर्ग आहे तिथे आढळते, ती जातीची खास ओळख नव्हे. नेसफील्ड रोटीव्यवहाराच्या बंदीवर भर देतात. पण ती बंदी जातीच्या बंदिस्तपणाचा परिणाम आहे, कारण नव्हे. रिझलींकडे दखल घेण्याजोगं नवीन काही नाही, म्हणून त्यांची बोळवण थोडक्यात होते. केतकरांना मात्र ते मनापासून श्रेय देतात, आणि तरीही पुढे जातात. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात: सभासदत्व जन्माने मिळणं आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नव्हेत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जातीबाहेरचं लग्न थांबवलं की सभासदत्व आपोआप जन्मावर येतं. म्हणून जातीचं मूळ लक्षण एकच, जातीअंतर्गत विवाह. पुढचा सगळा निबंध या एका दाव्यावर उभा आहे.

आज ब्रिटनमधल्या वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हेच काम दर आठवड्याला करायचं असतं, तोंडी आणि लेखी. व्याख्यान वेगळं आणि सेमिनार वेगळा. सेमिनारला साधारण पंधरा-वीस जण गोल बसतात, तास-दोन तास चर्चा होते, आणि त्यासाठी दोन-तीन लेख किंवा पुस्तकातली प्रकरणं आधी वाचून यायची असतात. प्राध्यापक शिकवत नाहीत, प्रश्न टाकून गप्प बसतात. आपल्या मुलांची अडचण इथे सुरू होते. आपल्याकडे सरांनी नाव घेतल्याशिवाय बोलू नये ही शिस्त अंगात मुरलेली असते, आणि इंग्रजी वाक्य मनात पूर्ण जुळेपर्यंत चर्चा दोन वळणं पुढे गेलेली असते. दोन-तीन आठवडे असे गेले की वर्ग तुम्हाला गप्प बसणारा म्हणून ओळखू लागतो, आणि मग तोंड उघडणं आणखी जड जातं. अमेरिकेत बऱ्याच विषयांत वर्गातल्या सहभागाला गुण असतात. ब्रिटनमध्ये ते कमी ठिकाणी असतात. पण शिफारसपत्र लिहिताना प्राध्यापकांना आठवतं ते हेच.

यावरचा उपाय वाचण्याच्या पद्धतीत आहे. लेखाचा सारांश वहीभर उतरवू नका. एका पानावर तीनच गोष्टी लिहा: लेखकाचा दावा एका वाक्यात, त्याला आधार कशाचा दिला आहे, आणि मी कुठे अडखळलो ते ठिकाण, पान क्रमांकासह. तिसरी ओळ हेच तुमचं सेमिनारमधलं पहिलं वाक्य. ‘चौदाव्या पानावर लेखिका अमुक म्हणते, पण तिने दिलेला पुरावा फक्त शहरातला आहे, खेड्यात तो लागू होईल का?’ एवढं पुरतं. पान क्रमांक सांगितला की सगळे ते पान उघडतात आणि चर्चा तुमच्या प्रश्नावर येते. व्याकरण थोडं चुकलं तरी कुणी लक्ष देत नाही. हे वाक्य पहिल्या पंधरा मिनिटांत म्हणा, कारण नंतर चर्चा वेग घेते. कुणाचं म्हणणं कळलं नाही तर ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का?’ असं विचारून त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगणं, हाही पूर्ण वजनाचा सहभाग मानला जातो.

एक गोष्ट मात्र जपा. भारताचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात, आणि ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणून सांगण्याचा मोह होतो. तुमच्या तालुक्यात पाहिलेली गोष्ट जरूर सांगा, पण ती तुमच्या तालुक्याची म्हणून सांगा. बाबासाहेब स्वतः जातीव्यवस्थेचे चटके सोसून तिथे गेले होते. तरी त्या निबंधाचा पाया त्यांनी स्वानुभवावर घातला नाही, इतरांना तपासता येईल अशा तर्कावर घातला.

आता लेखन. ब्रिटनमध्ये पन्नासला उत्तीर्ण, साठच्या पुढे चांगला दर्जा आणि सत्तरला विशेष प्राविण्य. ऐंशीच्या वरचे गुण फार क्वचित दिसतात. भारतात पंच्याहत्तर-ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलाला पहिल्या निबंधात अठ्ठावन्न मिळाले की तो हादरतो. अठ्ठावन्न म्हणजे नापास होण्याच्या काठावर असणं नव्हे. वाचन झालं आहे, समजलं आहे, पण निबंध वर्णनात अडकला आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. चार अभ्यासकांची मतं चार परिच्छेदांत ओळीने मांडली आणि शेवटी ‘अशा प्रकारे विविध मतं आहेत’ म्हटलं की गुण तिथेच थांबतात. बाबासाहेबांनी चौघांना सारखी जागा दिली नाही, हे लक्षात घ्या. ज्याच्याशी वाद घालण्यासारखा आहे त्याला जास्त, ज्याच्याकडे नवीन नाही त्याला कमी. आणि आपला दावा त्यांनी सुरुवातीच्या भागातच मांडला, शेवटच्या पानासाठी राखून ठेवला नाही.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे, आणि त्यात प्रामाणिक मुलंच अधिक सापडतात. समजा एका लेखात वाक्य आहे: ‘सिंचनाच्या सोयी वाढल्याने उसाची लागवड वाढली, पण त्याचा फायदा प्रामुख्याने मोठ्या शेतकऱ्यांना झाला.’ विद्यार्थी लिहितो: ‘पाण्याची सोय सुधारल्यामुळे उसाचं क्षेत्र वाढलं, मात्र त्याचा लाभ मुख्यतः बड्या शेतकऱ्यांना मिळाला.’ शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. खाली संदर्भ दिला असला तरी अनेक विद्यापीठांत हे वाङ्मयचौर्याच्या सदरात मोडतं. परीक्षेत पुस्तकातली भाषा जवळपास तशीच उतरवली की गुण मिळतात, या आपल्या सवयीतून हे होतं. फसवण्याचा हेतू नसतो. पण चौकशी समिती हेतूपेक्षा मजकूर पाहते. योग्य पद्धत अशी: मूळ लेख मिटून ठेवा, लेखकाचं म्हणणं मैत्रिणीला सांगावं तसं लिहा, मग लेख उघडून चूक तपासा, आणि त्यात तुमचं काही घाला. ‘या लेखकाच्या मते सिंचनाचा लाभ कुणाला मिळेल हे जमिनीच्या आकारावर ठरलं, पण त्याचे आकडे एकाच तालुक्याचे असल्याने लहान शेतकऱ्यांच्या सहकारी पाणीयोजनांचं काय झालं, हे त्यातून कळत नाही.’ दुसरा अर्धा भाग तुमचा आहे, आणि गुण त्यालाच आहेत.

टर्निटिनसारखी प्रणाली साम्याची टक्केवारी दाखवते. तिच्याकडे पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. संदर्भसूची आणि अवतरणांमुळे वीस टक्के आले तर बहुधा काही बिघडत नाही. पाच टक्केच आले, पण तो सलग एक परिच्छेद असेल, तर प्रकरण अंगाशी येतं. टक्का पाहू नका, रंगवलेल्या ओळी पाहा.

राहिला अभिप्राय. त्या निबंधाच्या अखेरीस बाबासाहेबांनी सांगितलं की आपलं मत टिकण्याजोगं नाही असं कुणी दाखवून दिलं, तर ते सोडायला आपण तयार आहोत. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ साली तो पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपल्याला या लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मान्य नाहीत असं उघड लिहिलं, आणि त्याच प्रस्तावनेत लेखकाच्या ताज्या विचारांचं कौतुकही केलं. प्राध्यापकाचा मतभेद म्हणजे नाराजी, असं धरून चालणाऱ्या आपल्या मुलांनी ही प्रस्तावना अवश्य पाहावी.

प्रत्येक प्राध्यापकाचे आठवड्यात एक-दोन तास विद्यार्थ्यांसाठी राखलेले असतात. आपली मुलं तिथे जात नाहीत. वेळ कशाला घ्यायचा, अज्ञान कशाला दाखवायचं, असं वाटतं. ती वेळ त्यांच्या कामाचाच भाग आहे, तुम्ही उपकार मागत नाही. फक्त ‘सर, माझा निबंध बघा ना’ असं म्हणून जाऊ नका. एवढ्या मोकळ्या विनंतीला ‘ठीक दिसतोय’ एवढंच उत्तर मिळतं. आधी छोटी ईमेल पाठवा: ‘प्रिय डॉक्टर अमुक, मी तुमच्या गुरुवारच्या सेमिनारमधली विद्यार्थिनी. निबंधाचा दावा आणि आराखडा एका पानात सोबत जोडला आहे. दुसऱ्या भागात जमीनधारणेचा मुद्दा आधी घ्यावा की पाणीवाटपाचा, याबद्दल मी साशंक आहे. मंगळवारी तुमच्या ठरलेल्या वेळेत दहा मिनिटं भेटू शकेन का?’ पहिल्या पत्रात पदवी आणि आडनाव लिहा. उत्तराखाली त्यांनी फक्त नाव लिहिलं तर पुढे त्याच नावाने हाक मारा, त्यात उद्धटपणा नाही.

शेरे नीट वाचायला शिका. ‘तुम्ही या मुद्द्याचा विचार करू शकता’ हा ब्रिटिश प्राध्यापकाचा सौम्य शब्द बहुधा ‘हे बदला’ असा घ्यायचा असतो. गुण मिळाल्यावर ते वाढवून मागू नका; तो मार्ग जवळजवळ सगळीकडे बंद असतो. ‘पुढच्या निबंधात कोणती एक गोष्ट बदलू?’ असं विचारा. प्रबंधाच्या वेळी तर मार्गदर्शक किती वेळा भेटणार आणि मसुद्याचा किती भाग वाचणार, हे विभागाच्या नियमात ठरलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी एकच प्रकरण, एकदाच वाचलं जातं. ते प्रकरण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी द्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये अनेक प्राध्यापक जागेवर नसतात, आणि तुमची सादरीकरणाची तारीख बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येते. हा नियम पहिल्या महिन्यातच विभागाच्या कार्यालयातून विचारून घ्या.