करवलीच्या हाती माईक

नवरदेवाच्या बहिणीला आपल्याकडे बोलण्याचा हक्क माईक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. नवरा-नवरी घराच्या दाराशी येतात, उंबरठ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं असतं आणि करवली दार अडवून उभी राहते. भावाने तिच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ती बाजूला होत नाही. अनेक घरांत हा प्रश्न ठरलेला असायचा : तुला मुलगी झाली तर माझ्या मुलाला देशील ना? भाऊ हो म्हणायचा, बहिणीच्या हातावर साडी किंवा पैसे ठेवायचा, मग नवी सून माप ओलांडायची. आज हा सगळा खेळ हसण्यावारी जातो. पण मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत खरोखरच होती आणि काही ठिकाणी अजून आहे. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली आहे. दारातला तो प्रश्न म्हणजे माहेराशी आपलं नातं पुढच्या पिढीतही टिकावं, यासाठी बहिणीने सर्वांसमक्ष केलेली मागणी होती.

या मागणीमागे काळजी होती. आई-वडील असेपर्यंत माहेर हक्काचं. त्यांच्यानंतर दिवाळीला बोलावणं येणार की नाही, हे बरंचसं भावजयीवर अवलंबून. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत. भावाची माया हा त्यातला मोठा विषय आहे. त्या मायेला लागूनच भावजयीबद्दलची धास्तीही येते. म्हणजे नणंद नव्या सुनेकडे पाहते तेव्हा तिच्या पोटात आनंदाबरोबर थोडी भीतीही असते, हे मराठी बायकांनी केव्हाच मोकळेपणी गाऊन ठेवलं आहे.

आता दार अडवणं उरलं ते फोटोपुरतं, आणि बहिणीच्या हाती माईक आला. संगीताच्या संध्याकाळी किंवा रिसेप्शनला सूत्रसंचालक तिचं नाव पुकारतो आणि ती लहानपणीची भांडणं सांगू लागते. अशी पुष्कळ भाषणं एकाच जागी अडतात. भाऊ कसा मारायचा, कसा चुगल्या करायचा, कसा आळशी होता, असे पाच-सहा किस्से एकामागून एक येतात. भावाचे मित्र हसतात, नवरी हसल्यासारखं करते आणि शेवटी घाईघाईत एक वाक्य येतं : वहिनी, आता याला तूच सांभाळ. ज्या मुलीने काही तासांपूर्वी आपलं घर सोडलं, तिच्या स्वागताच्या नावाखाली तिच्यावर एक कामच सोपवलं जातं. भांडणं सांगायची ती नवरीसाठी, हे ध्यानात ठेवलं की भाषणाची सगळी मांडणी बदलते. भाऊ तिला गेल्या वर्षा-दोन वर्षांपासून माहीत असेल. बहिणीला तो पहिल्यापासून माहीत आहे. हे माहीत असणंच बहिणीने वहिनीच्या हाती द्यायचं असतं.

त्यासाठी भांडण एकच पुरतं, पण त्याला शेवट हवा. कोण कोणावर ओरडलं हे ऐकून माणूस कळत नाही. माघार कोणी घेतली, कशी घेतली, नंतर काय झालं, इथे तो कळतो. नमुन्यादाखल एक भाषण पाहू. मोठा भाऊ, तीन वर्षांनी धाकटी बहीण, पुण्यात राहणारं घर आणि साताऱ्याचं आजोळ, असं समजा.

‘दर मे महिन्यात आम्ही एसटीने आजोळी जायचो. खिडकी एकच आणि मागणारे दोघं. शेवटी आईने वाटणी केली. स्वारगेटपासून खंबाटकी घाटाच्या पायथ्यापर्यंत खिडकी माझी, तिथून साताऱ्यापर्यंत दादाची. मला ही वाटणी कधीच पटली नाही, कारण बघण्यासारखा घाट त्याच्या वाट्याला गेला होता. पायथा आला की मी जागा सोडायची नाही, मग तो माझी वेणी ओढायचा, मी चिमटा काढायचे. एका वर्षी त्याने भांडून खिडकी घेतली आणि दुसऱ्याच वळणाला मला मळमळायला लागलं. दादा काही बोलला नाही. उठला, मला खिडकीशी सरकवलं आणि साताऱ्यापर्यंत कडेच्या जागेवर बसून राहिला. आजोबांनी गोळ्या वाटल्या तेव्हा माझ्यातल्या दोन लिमलेटच्या गोळ्या मात्र त्याने वसूल केल्या.

वहिनी, दादा भांडताना खूप बोलतो आणि देताना गप्प असतो. तो न बोलता उठून गेला, तर रागावलाय असं लगेच समजू नकोस. आधी बघ, त्याने तुझ्यासाठी जागा तर केली नाही ना. आणि त्याने कधी गोळ्यांचा हिशेब मागितला तर मला फोन कर. त्या दोन गोळ्यांचं माझं येणं अजून बाकी आहे.’

वाचायला हे दीडेक मिनिटाचं आहे. मागेपुढे पाहुण्यांना नमस्कार, नवरीच्या आई-वडिलांना दोन शब्द आणि स्वागताचं एखादं वाक्य धरलं तरी सगळं तीन मिनिटांत बसतं. हॉलमध्ये सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त जात नाहीत. त्यामुळे साडेतीनशे शब्दांच्या पुढे गेलेला कागद घरीच कापावा. कापताना दुसरं-तिसरं भांडण आधी काढावं. एसटी, घाट, गोळ्या हे तपशील ठेवावेत, कारण ‘आम्ही खूप भांडायचो’ या वाक्यात ऐकणाऱ्याला दिसण्यासारखं काहीच नसतं.

या नमुन्यातला कळीचा क्षण म्हणजे ‘वहिनी’ हा शब्द. तोवर बहीण सगळ्यांशी बोलत होती. इथे ती मान वळवून एकीशीच बोलू लागते. हा शब्द उच्चारण्याआधी क्षणभर थांबून तिच्याकडे पाहिलं पाहिजे. पुढचं वाक्य कागदात डोकं घालून वाचलं तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून एवढ्या तीन-चार ओळी तरी पाठ हव्यात, बाकीचं वाचलं तरी चालतं.

संबोधनही आधी ठरवलेलं बरं. मोठ्या भावाची बायको वयाने लहान असली तरी बहुतेक घरांत ती वहिनीच. धाकट्या भावाच्या बायकोला नावाने हाक मारतात. मग प्रश्न येतो, कोणतं नाव? काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात, काही मुली आपलं नाव मुळीच बदलत नाहीत. भर सभेत नणंदेने तिला नको असलेलं नाव घेतलं, तर स्वागत तिथेच फसतं. हे नवरीलाच फोन करून विचारावं. त्याच फोनवर ‘घाटाचा किस्सा सांगणार आहे, चालेल ना?’ असंही विचारता येतं. त्याने गंमत कमी होत नाही. उलट नवरी मंचावर धास्तावून बसत नाही.

किस्सा निवडला की तो खरा आहे का, हेही तपासावं लागतं, आणि इथे भावंडांची स्मरणशक्ती फार दगा देते. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या मर्सिडीज शीन आणि सायमन केम्प यांनी अमेरिकेतल्या डेव्हिड रुबिन यांच्यासह 2001 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच प्रसंग ‘माझ्या बाबतीत घडला’ असं जुळी भावंडं दोघंही छातीठोकपणे सांगतात, असं त्यांना आढळलं. जुळी नसलेल्या भावंडांतही हा प्रकार दिसला. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली : पराक्रम आणि सोसलेलं दुःख माणसं स्वतःकडे ओढतात आणि आगळीक दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात. लहानपणच्या भांडणांत या तिन्ही गोष्टी ठासून भरलेल्या असतात. बहिणीला खात्री असते की वेणी आधी ओढली गेली. भावाला तितकीच खात्री असते की चिमटा आधी बसला. त्यामुळे लग्नाच्या आठवडाभर आधी आईला किंवा मावशीला तोच प्रसंग सांगायला लावावा, स्वतः आधी न सांगता. दोघींच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरकही भाषणात घेता येतो. ‘आईच्या मते सुरुवात माझीच असायची’ हे वाक्य सभेला आवडतं आणि भावावरचा आरोपही हलका होतो.

काही विषय मात्र बाहेरच ठेवायचे. परीक्षेतले गुण, वजन, आजारपण, जुनी प्रेमप्रकरणं, पैशांवरून झालेले वाद. यातलं काहीही हसत सांगितलं तरी समोर नवरीकडची मंडळी बसलेली आहेत आणि त्यांनी भावाला अजून पुरतं ओळखलेलं नाही, हे विसरून चालत नाही. ‘आमच्या घरी असं असतं’ ही सुरुवातही टाळावी. नवरीच्या कानाला ती परीक्षेच्या सूचनेसारखी लागते. आणि ज्या भावंडांमध्ये आजही एखादी जखम ओली आहे, त्यांनी त्या जखमेच्या आसपासचं भांडण माईकवर काढू नये. आवाज कापतो आणि पाहुण्यांना ते लगेच कळतं.

वेळेचं म्हणाल तर रिसेप्शन ही सर्वांत वाईट जागा. मंचासमोर पाहुण्यांची रांग लागलेली असते, फोटोग्राफर हाका मारत असतो, जेवणाचे वास येत असतात आणि बोलणाऱ्या मुलीकडे कोणाचंच लक्ष नसतं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनानंतर दोन्हीकडची जवळची माणसं एकत्र बसलेली असतात, ती वेळ पुष्कळ चांगली. त्याहून चांगली वेळ लग्नानंतरच्या पंगतीत, नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवताना. तिथे उखाणे चाललेलेच असतात, सगळ्यांचे कान उघडे असतात आणि तीन मिनिटं बोलणं त्या ओघात सहज मावतं. शिवाय बहिणीचं बोलणं संपल्यावर नवरीला उखाण्यातून उत्तर देता येतं. तिला काय बोलायचं आहे ते ती ठरवते आणि नमुन्यातल्यासारखं भाषण झालं असेल, तर खिडकी, घाट आणि लिमलेटच्या दोन गोळ्या तिच्या यमकासाठी तयार असतात.