मुतखडा, टक्केवारी आणि उलटलेलं गणित

एडिसनमध्ये मे महिना उजाडला की आमच्या कॉलनीत पुण्या-नागपूरहून आलेले आई-बाबा संध्याकाळी फिरताना दिसू लागतात. मुलांकडे सहा महिने राहायला आलेली ही मंडळी. सोबत गोळ्यांचा डबा, इथे काढलेला प्रवासी विमा आणि एखादं जुनं दुखणं असतंच. त्यात मुतखड्याचा नंबर बराच वरचा. मी औषध कंपनीत संख्याशास्त्राचं काम करते हे माहीत असल्यामुळे अशा वेळी घराघरांतून मला फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो, "अगं, या डॉक्टरांचा सक्सेस रेट ८३ टक्के आहे आणि त्यांचा ७८. मग ८३ वाल्यांकडेच जायचं ना?"

ऐकायला प्रश्न सरळ वाटतो, पण उत्तर तितकं सरळ नाही. योगायोग असा, की नेमके हेच दोन आकडे आमच्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहेत, आणि तेही मुतखड्याच्याच संदर्भात.

१९८६ साली लंडनच्या काही डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुतखड्यावरच्या उपचारांची तुलना छापली. त्यातले दोन उपचार आपण घेऊ. एक जुनी, कूस चिरून करायची खुली शस्त्रक्रिया. दुसरा तेव्हा नवा असलेला, पाठीत बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढायचा उपचार. आज डॉक्टर त्याला पीसीएनएल म्हणतात. तीन महिन्यांनी खडा पूर्ण गेलेला असेल, किंवा उरलेला तुकडा २ मिलिमीटरहून लहान असेल, तर उपचार यशस्वी धरायचा, असं ठरलं होतं.

दोन्हीकडे ३५० रुग्ण होते. खुल्या शस्त्रक्रियेत २७३ जणांना यश आलं, म्हणजे ७८ टक्के. दुर्बिणीने २८९ जणांना, म्हणजे ८३ टक्के. इथे कोणीही म्हणेल, दुर्बीण बरी.

आता हेच रुग्ण खड्याच्या आकाराप्रमाणे वेगळे करू. २ सेंटिमीटरपेक्षा लहान खडे एका बाजूला, त्याहून मोठे दुसऱ्या बाजूला. लहान खड्यांत खुल्या शस्त्रक्रियेने ८७ पैकी ८१ जण बरे झाले, म्हणजे ९३ टक्के; दुर्बिणीने २७० पैकी २३४, म्हणजे ८७ टक्के. इथे खुली शस्त्रक्रिया पुढे. मग मोठ्या खड्यांत तरी दुर्बीण पुढे असायला हवी ना? तर तेही नाही. खुल्या शस्त्रक्रियेने २६३ पैकी १९२, म्हणजे ७३ टक्के, आणि दुर्बिणीने ८० पैकी ५५, म्हणजे ६९ टक्के.

लहान खड्यांत खुली शस्त्रक्रिया पुढे, मोठ्या खड्यांतही तीच पुढे, आणि दोन्ही एकत्र केले की मागे! बेरजेत चूक नाही. ८१ आणि १९२ मिळवा, २७३ च येतात. २३४ आणि ५५ मिळवा, २८९ च येतात.

गोम आहे ती कोणाच्या वाट्याला कसले रुग्ण आले यात. मोठा खडा काढणं कुठल्याही पद्धतीने अवघडच. खुल्या शस्त्रक्रियेच्या ३५० रुग्णांत २६३ मोठे खडेवाले होते, दुर्बिणीच्या ३५० मध्ये फक्त ८०. एका पोराला बहुतेक अवघड गणितं दिली, दुसऱ्याला बहुतेक सोपी, आणि शेवटी एकूण मार्कांवर नंबर काढला, तसं झालं हे.

मग दोघांना सारखाच पेपर दिला तर? एकूण ७०० रुग्णांत ३५७ लहान आणि ३४३ मोठे खडेवाले होते. समजा हे सगळे ७०० आधी एका पद्धतीकडे पाठवले आणि मग दुसऱ्या. प्रत्येक गटातलं यशाचं प्रमाण वर दिलंय तेच धरू. खुल्या शस्त्रक्रियेने लहानांपैकी सुमारे ३३२ आणि मोठ्यांपैकी २५० बरे होतील, मिळून ५८२. दुर्बिणीने ३०९ आणि २३६, मिळून ५४५. टक्केवारी काढा, खुली शस्त्रक्रिया ८३, दुर्बीण ७८. आकडे अगदी जागा बदलून बसले!

याला आमच्याकडे 'सिम्पसनचा विरोधाभास' म्हणतात. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला, म्हणून हे नाव. तसं त्याच्याही आधी काहींच्या हे लक्षात आलं होतं.

पण म्हणून ऊठसूट गट पाडत सुटायचं का? नाही. खड्याचा आकार उपचाराच्या आधीच ठरलेला असतो. उपचार कोणता मिळणार यावर त्याचा परिणाम होतो आणि यश मिळणार का यावरही. म्हणून त्यावरून गट पाडणं योग्य. याउलट, 'ऑपरेशननंतर रक्त द्यावं लागलं का' यावरून गट पाडले तर घोटाळा होईल. रक्तस्राव हा उपचाराचाच परिणाम असू शकतो, आणि रक्त लागलेल्यांची तुलना फक्त रक्त लागलेल्यांशी केली की त्या उपचाराचा दोष आकड्यांतून अलगद नाहीसा होतो. कुठे फोड करायची हे आकडे सांगत नाहीत. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे जाणणाऱ्या माणसानेच ते सांगावं लागतं.

आणखी एक. हे वाचून कोणी खुल्या शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नका हं! ते दोन्ही गट वेगवेगळ्या वर्षांतले होते. खुल्या शस्त्रक्रिया १९७२ ते ८० मधल्या, दुर्बिणीच्या १९८० ते ८५ मधल्या. दुर्बिणीने काढलेले मोठे खडे तर जेमतेम ८०. एवढ्यावर ७३ आणि ६९ मधला फरक पक्का मानता येत नाही. शिवाय 'यश' म्हणजे फक्त खडा जाणं; कुशीवरची मोठी जखम आणि अंथरुणातले दिवस त्यात मोजलेलेच नाहीत. दुर्बिणीचं तंत्र तेव्हापासून खूप सुधारलं आणि आज मुतखड्यासाठी खुली शस्त्रक्रिया क्वचितच होते. हे उदाहरण उपचार निवडायला नाही, टक्केवारी वाचायला शिकवतं.

आमच्या न्यू जर्सीच्या आरोग्य खात्याने बायपास शस्त्रक्रियांचे रुग्णालयवार अहवाल काढले आहेत. त्यांत मृत्यूचं नुसतं प्रमाण देऊन भागवलेलं नाही. रुग्णांचं वय, आधीचे आजार असा धोका लक्षात घेऊन ते सुधारून दिलेलं असतं. तसं केलं नाही तर सगळ्यात गंभीर रुग्ण घेणारं चांगलं रुग्णालय कागदावर सगळ्यात वाईट दिसेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपला आकडा चांगला राहावा म्हणून डॉक्टर अवघड रुग्णाला हात लावायलाच कचरतील.

म्हणून हल्ली फोन आला की मी आधी उलट विचारते, "बाबांचा खडा केवढा आहे?" परवा उत्तर आलं, "२४ मिलिमीटर." म्हणजे मोठ्या गटातला. मग ८३ आणि ७८ दोन्ही बाजूला ठेवायचे आणि दोन्ही डॉक्टरांना एकच विचारायचं, "दोन सेंटिमीटरच्या वरचे खडे असलेले किती रुग्ण तुम्ही केलेत, आणि त्यातले किती तीन महिन्यांनी खडामुक्त होते?" टक्का नको, दोन्ही संख्या मागा. दहापैकी नऊ आणि दोनशेपैकी एकशे ऐंशी, टक्केवारी एकच, पण भरवसा एकसारखा नाही.